पहिल्या वर्षाच्या सवलतीत घेतलेली वृत्तपत्राची डिजिटल वर्गणी रद्द करताना: नूतनीकरणाची सूचना कशी येते, काय सांगते आणि काय सांगत नाही

वृत्तपत्राची डिजिटल वर्गणी पहिल्या वर्षासाठी मूळ दराच्या एक चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी दराने देऊ केली जाते, तेव्हा वाचक एका वेळी दोन व्यवहारांना संमती देत असतो. पहिला व्यवहार त्याच्या डोळ्यांसमोर असतो, तो म्हणजे सवलतीचे वर्ष. दुसरा व्यवहार त्याच पानावर बारीक अक्षरांत लिहिलेला असतो: सवलत संपल्यावर वर्गणी पूर्ण दराने आपोआप सुरू राहील आणि वाचकाने रद्द करेपर्यंत पैसे कापले जात राहतील. त्यामुळे वर्षाच्या शेवटी येणारी सूचना ही परवानगी मागणारी नसते. परवानगी तुम्ही खरेदीच्या दिवशीच दिलेली असते. सूचना फक्त आठवण करून देते, आणि तिला उत्तर दिले नाही तर त्या मौनाचा अर्थ होकार असाच धरला जातो. हे एकदा लक्षात आले की पुढची सगळी कामे कोणत्या क्रमाने करायची, हे ठरवणे सोपे जाते.

मी स्वतः अशी एक वर्गणी १० मार्च २०२५ रोजी घेतली आणि पुढच्या वर्षी रद्द केली. वृत्तपत्राचे नाव येथे महत्त्वाचे नाही, कारण अशाच पद्धतीने वर्गणी विकणारी वृत्तपत्रे पुष्कळ आहेत. माझ्या वर्गणीचा दर पूर्ण दराच्या एक चतुर्थांश होता आणि पैसे दर चार आठवड्यांनी कापले जात होते. तेच उदाहरण पुढे टप्प्याटप्प्याने मांडतो.

सर्वांत आधी: वर्गणी कोणाकडून घेतली आहे?

रद्द करण्याची वाट यावरच ठरते, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच सुरू होतो. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर कार्ड देऊन घेतलेली वर्गणी वृत्तपत्राकडेच रद्द करावी लागते. ॲपमधून, म्हणजे ॲपल किंवा गुगलच्या खात्यावरून घेतलेली वर्गणी मात्र वृत्तपत्राला सहसा रद्द करता येत नाही, कारण पैसे गोळा करणारा पक्ष ते ॲप-दुकान असते. मोबाइल कंपनीच्या योजनेबरोबर किंवा एखाद्या एकत्रित पॅकेजमधून मिळालेली वर्गणी त्या कंपनीकडे रद्द करावी लागते. शंका असेल तर बँकेचे किंवा कार्डाचे विवरण उघडून पैसे कोणाच्या नावाने गेले ते पाहावे. खरेदीच्या दिवशी आलेली पावतीही तेच सांगते.

पावती सापडत नसेल, तर जीमेलमध्ये पुढील शोध उपयोगी पडतो. `in:anywhere` लिहिल्यामुळे स्पॅम आणि कचरापेटीतली पत्रेही शोधात येतात.

```
in:anywhere (renew OR renewal OR subscription OR receipt)
```

या पावतीत तीन गोष्टी शोधायच्या आहेत: खरेदीची तारीख, सवलतीचा कालावधी नेमक्या कोणत्या एककात लिहिला आहे, आणि सवलत संपल्यावरचा दर. खरेदीचे मूळ पान नंतर बदलते किंवा नाहीसे होते. म्हणून पावतीबरोबर त्या वेळच्या अटींची प्रतही मिळाली असेल, तर ती जपून ठेवावी.

वर्ष म्हणजे ३६५ दिवसच असे नाही

ज्या वर्गण्यांचे पैसे दर चार आठवड्यांनी कापले जातात, त्यांच्या पहिल्या वर्षात बारा नव्हे, तेरा हप्ते असतात. तेरा गुणिले अठ्ठावीस म्हणजे ३६४ दिवस. माझी वर्गणी १० मार्च २०२५ या सोमवारी सुरू झाली, म्हणून पूर्ण दराचा पहिला हप्ता, एकूण चौदावा, ९ मार्च २०२६ या सोमवारी कापला जाणार होता. मी दिनदर्शिकेवर १० मार्चची खूण करून ठेवली असती, तर एका दिवसाने चुकलो असतो.

या हिशेबाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. सवलतीच्या तेरा हप्त्यांत मी जेवढे पैसे दिले, ते पूर्ण दराच्या सव्वातीन हप्त्यांएवढे होते. नूतनीकरण झाले असते, तर पूर्ण दराचे हप्ते ९ मार्च, ६ एप्रिल, ४ मे आणि १ जून या तारखांना गेले असते. म्हणजे १ जूनपर्यंतच, बारा आठवड्यांत, मागच्या अख्ख्या वर्षाच्या खर्चापेक्षा जास्त पैसे गेले असते. हप्ता छोटा दिसतो म्हणून «एखादा गेला तरी चालेल» असे वाटते आणि तो एक गेल्यावर दुसराही जातो. ज्यांनी संपूर्ण वर्षाचे पैसे एकदम भरले आहेत, त्यांच्या बाबतीत धोका वेगळा आहे: तिथे एकाच दिवशी पूर्ण वर्षाचा पूर्ण दर कापला जातो, आणि ती रक्कम परत मिळेलच असे नाही. वार्षिक वर्गणी मध्येच रद्द केली तर उरलेल्या महिन्यांचे पैसे मिळणार नाहीत, असे बऱ्याच वृत्तपत्रांच्या अटींत स्पष्ट लिहिलेले असते.

सूचना कधी येते

सूचनेच्या वेळेबाबत कायदे देशोदेशी वेगळे आहेत, पण कार्डाने पैसे देणाऱ्यांसाठी कार्ड-जाळ्यांचे स्वतःचे नियमही आहेत आणि ते विक्रेत्यांना लागू होतात. व्हिसाने एप्रिल २०२० पासून मोफत चाचणी किंवा सुरुवातीची सवलत देणाऱ्या वर्गणी-विक्रेत्यांवर असे बंधन घातले की, सवलत संपून पुढचा हप्ता कापण्याच्या किमान सात दिवस आधी त्यांनी ग्राहकाला स्मरणपत्र पाठवावे आणि त्यात ऑनलाइन रद्द करण्याचा दुवा द्यावा. मास्टरकार्डचा २०२२ पासूनचा नियम लांब अंतराने कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांसाठी आहे: सहा महिन्यांहून अधिक अंतराने पैसे कापायचे असतील, तर पुढच्या तारखेच्या किमान सात आणि जास्तीत जास्त तीस दिवस आधी स्मरणपत्र जायला हवे, आणि रद्द कसे करायचे हे त्यात लिहिलेले असायला हवे.

या दोन नियमांमधली फट लक्षात घ्यावी. वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्याकडे सूचना येण्याची शक्यता बरीच असते. दर चार आठवड्यांनी पैसे देणाऱ्याला प्रत्येक हप्त्याआधी सूचना देणे या नियमांनुसार विक्रेत्याला बंधनकारक नाही. सवलत संपण्याच्या सुमारास त्याची सूचना एकदा येते, आणि ती चुकली तर पुढे विक्रेत्याकडून आठवण करून देणारे बहुधा काही येत नाही. शिवाय हे नियम कार्ड-जाळे आणि विक्रेता यांच्यातले आहेत. वाचकाला त्यांच्या आधारे थेट हक्क मिळत नाही, पण पुढे वाद झाला तर «सूचना आली नाही» किंवा «सूचनेत रद्द करण्याचा मार्ग नव्हता» हा मुद्दा बँकेपुढे मांडता येतो.

सूचना कशी दिसते आणि ती कुठे हरवते

माझी सूचना २० फेब्रुवारी २०२६ रोजी आली, म्हणजे हप्त्याच्या सतरा दिवस आधी. वेळेच्या दृष्टीने तिच्यात काही खोट नव्हती. पण तिचा विषय होता «तुमच्या वर्गणीविषयी माहिती», आणि जीमेलने ती जाहिरातींच्या कप्प्यात टाकली होती. त्या कप्प्यात त्याच वृत्तपत्राची रोजची बातमीपत्रे आधीच साचलेली होती, त्यामुळे हे एक पत्र वेगळे ओळखू येण्यासारखे नव्हते.

मजकुराची रचनाही सावधपणे वाचावी लागते. सुरुवातीचे तीन परिच्छेद वाचकाचे आभार आणि वर्षभरातले विशेष लेख यांबद्दल होते. चौथ्या परिच्छेदात एक वाक्य होते: तुमचा प्रास्ताविक दर लवकरच संपत आहे आणि वर्गणी प्रचलित दराने सुरू राहील. प्रचलित दर किती, हे पत्राच्या तळाशी लहान अक्षरांत होते. तारीख तर लिहिलेलीच नव्हती. तिच्या जागी «चालू बिलिंग कालावधीच्या शेवटी» असे शब्द होते. पत्रातले मोठे, रंगीत बटण वर्गणी रद्द करण्याचे नव्हते, खाते पाहण्याचे होते.

म्हणून अशा पत्रातून चार गोष्टी स्वतः बाहेर काढाव्यात आणि कागदावर लिहाव्यात: पैसे कापण्याची नेमकी तारीख, नवी रक्कम, त्या रकमेत कर धरला आहे का, आणि रद्द करण्याची शेवटची वेळ. पत्रात जे मिळत नाही, ते खात्याच्या पानावर मिळते. तिथे वर्गणीच्या नावाखाली Renews on अशा अर्थाची एक ओळ असते आणि तिच्यापुढे तारीख असते. ही ओळ नीट लक्षात ठेवा, कारण रद्द झाल्याची खूणही पुढे याच ओळीत दिसणार आहे.

सूचना हरवण्याचे आणखी एक कारण आपल्याच हातून घडते. वर्षभरात वाचक कंटाळून वृत्तपत्राच्या पत्रांमधल्या Unsubscribe या दुव्यावर टिचकी मारतो. त्याने फक्त पत्रे थांबतात. वर्गणी त्याच दराने, त्याच कार्डावर सुरू असते, आणि पत्रांच्या गर्दीतून मिळणारी एखादी आठवणही बंद होऊ शकते. इंग्रजीत एकाच शब्दाने दोन गोष्टी सांगितल्या जात असल्यामुळे ही गल्लत फार जणांकडून होते.

रद्द करण्याची प्रत्यक्ष कृती

दिवस कोणता निवडावा? पैसे कापण्याच्या आदल्या रात्रीवर कधीही विसंबू नये. ॲपलच्या वर्गण्यांना नूतनीकरणाच्या किमान एक दिवस आधी रद्द करण्याची मुदत आहे. संकेतस्थळावरून घेतलेल्या वर्गणीत तारीख वृत्तपत्राच्या मुख्यालयाच्या घड्याळाने मोजली जात असेल, तर तुमच्याकडे आदला दिवस असतानाच तिकडे ती तारीख उजाडलेली असू शकते. काही वृत्तपत्रे फोनवरूनच रद्द करू देतात, आणि त्यांची फोनसेवा सुटीच्या दिवशी बंद असते. मी ९ मार्चच्या हप्त्यासाठी २ मार्च हा दिवस ठरवला होता. एक आठवडा पुरेसा असतो, कारण पहिल्या प्रयत्नात काही अडले तरी दुसऱ्या प्रयत्नाला वेळ उरतो.

खरे तर याहूनही चांगला दिवस म्हणजे खरेदीचाच दिवस, आणि वार्षिक वर्गणी एकदम भरणाऱ्यांना माझा हाच सल्ला आहे. आपोआप नूतनीकरण लगेच बंद केले तरी भरलेल्या कालावधीपर्यंत वाचन सुरू राहते, असा सर्वसाधारण रिवाज आहे. मात्र शेवटचे बटण दाबण्यापूर्वी पडद्यावर त्याच अर्थाचे वाक्य आणि शेवटची तारीख दिसते का, हे वाचून घ्यावे. «प्रवेश तात्काळ बंद होईल» असे लिहिले असेल तर तिथेच थांबावे आणि दिनदर्शिकेत दोन आठवडे आधीची आठवण लावावी.

आयफोनवर Settings उघडून सर्वांत वर असलेल्या आपल्या नावावर आणि मग Subscriptions वर जावे. तिथे वृत्तपत्राचे नाव निवडले की Cancel Subscription दिसते. अँड्रॉइडवर Play Store मध्ये आपल्या चित्रावर टिचकी मारून Payments & subscriptions आणि त्यातून Subscriptions उघडावे. फोनमधून ॲप काढून टाकल्याने यांपैकी काहीही रद्द होत नाही.

संकेतस्थळावर मार्ग लांब असतो. माझ्या बाबतीत खाते, मग वर्गणीची माहिती, मग रद्द करण्याची विनंती, मग कारण विचारणारे पान, आणि त्यानंतर सवलत देऊ करणारे पान, असे पाच टप्पे होते. कारण काहीही निवडले तरी चालते. माहिती जमवण्यापलीकडे त्याचा उपयोग नसतो. सवलतीच्या पानावर मला अर्ध्या दराने आणखी एक वर्ष देऊ केले गेले. ही ऑफर वाईट नसते, आणि वृत्तपत्र खरोखर वाचले जात असेल तर ती स्वीकारण्यात चूक नाही. पण ती स्वीकारणे म्हणजे रद्द करणे नव्हे. त्या क्षणी नवी मुदत सुरू होते, नवी तारीख ठरते, आणि वर्षाने हाच सगळा प्रवास नव्याने करावा लागतो. स्वीकारणार असाल तर नवी शेवटची तारीख त्याच वेळी लिहून घ्यावी.

त्याच पानांवर आणखी दोन बटणे असतात आणि ती रद्द करण्याच्या बटणापेक्षा ठळक असतात. एक असते वर्गणी काही आठवडे थांबवण्याचे. थांबवलेली वर्गणी ठरलेल्या दिवशी पूर्ण दराने आपोआप जागी होते. दुसरे असते स्वस्त योजनेकडे वळवण्याचे. त्यातही पैसे कापणे चालूच राहते. जोपर्यंत रद्द झाल्याचे स्पष्ट वाक्य पडद्यावर येत नाही, तोपर्यंत काम झालेले नाही असे समजावे. माझ्याकडून तर पहिल्या खेपेस चौथ्या पानावर टॅब बंद झाली होती, आणि कारण सांगून झाले म्हणजे वर्गणी रद्द झाली अशा समजुतीत मी दोन दिवस होतो.

रद्द झाले हे कसे ओळखावे

ती चूक मला खात्याच्या पानामुळे कळली. ४ मार्चला पुन्हा पाहिले तेव्हा तिथे अजून Renews on आणि ९ मार्च असेच लिहिलेले होते. मी पुन्हा पहिल्यापासून सगळे टप्पे पूर्ण केले, आणि या वेळी ती ओळ बदलून Expires on झाली. तारीख तीच राहिली, शब्द बदलला. हाच सर्वांत भरवशाचा पुरावा आहे. त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा, आणि त्यात तारीख व खात्याचा ईमेल पत्ता दिसेल असे पाहावे. काही मिनिटांत पुष्टीचे पत्रही यायला हवे. एका दिवसात ते आले नाही, तर ग्राहकसेवेला लेखी विचारावे. फोनवर बोलणे झाले असेल तर संदर्भ क्रमांक मागून घ्यावा.

खाते बंद करण्याची घाई या टप्प्यावर मुळीच करू नये. खाते आधी पुसले तर वर्गणीचे पान पाहण्याची सोयच जाते, आणि ॲप-दुकानातून घेतलेली वर्गणी तर खाते पुसल्यावरही पैसे कापत राहू शकते. त्याचप्रमाणे कार्ड बदलले किंवा नवे मागवले म्हणजे वर्गणी थांबते हाही समज चुकीचा आहे. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही जाळ्यांकडे अशी सेवा आहे की, तिच्यात सहभागी असलेल्या बँकेने नवे कार्ड दिले की त्याचा क्रमांक सहभागी विक्रेत्याला आपोआप कळवला जातो, आणि हप्ता नव्या कार्डावर सुरळीत जातो.

वर्गणीबरोबर खेळ, पाककृती किंवा एखादे मासिक जोडलेले असेल, तर ते स्वतंत्र वर्गणी म्हणून नोंदलेले आहे का, हे खात्याच्या पानावर पाहावे. मुख्य वर्गणी रद्द होऊनही अशी जोडलेली वर्गणी मागे राहू शकते.

पैसे आधीच कापले गेले असतील तर

या स्थितीत वेळ महत्त्वाचा आहे. प्रथम वर्गणी रद्द करावी, म्हणजे पुढचा हप्ता थांबेल. परताव्याची वाट पाहत रद्द करणे लांबवू नये. त्यानंतर त्याच दिवशी परतावा मागावा. गुगल प्लेवर खरेदीला ४८ तास झाले नसतील तर परताव्याची विनंती थेट गुगलकडे करता येते. त्यानंतर ॲपच्या निर्मात्याकडे, म्हणजे वृत्तपत्राकडे जावे लागते. ॲपलची विनंती reportaproblem.apple.com या पानावर होते. संकेतस्थळावरून घेतलेल्या वर्गणीसाठी वृत्तपत्राला थोडक्यात लिहावे: खात्याचा ईमेल, कापलेली रक्कम, तारीख, नूतनीकरणानंतर वर्गणी वापरली नसल्याचे विधान (ते खरे असेल तरच), आणि परताव्याची मागणी. अटींत परतावा नाही असे लिहिलेले असले, तरी नुकत्याच झालेल्या नूतनीकरणाचे पैसे सौजन्य म्हणून परत देणारी वृत्तपत्रे आहेत, आणि त्यात न वापरल्याचा मुद्दा उपयोगी पडतो.

बँकेकडे व्यवहाराला हरकत घेणे हा शेवटचा उपाय आहे. तुम्ही वेळेत रद्द केले होते आणि तरी पैसे कापले गेले, असे असेल तर तो योग्य आहे, आणि त्या वेळी Expires on चा स्क्रीनशॉट व पुष्टीचे पत्र हेच तुमचे म्हणणे सिद्ध करतात. निव्वळ सूचना वाचायची राहून गेली असेल, तर अशी हरकत टिकणे कठीण असते.

रद्द केल्यानंतर माझे काम दोन तारखांना उरले होते. ९ मार्चच्या हप्त्याची खात्री करण्यासाठी मी १० मार्चला विवरण पाहिले. मग ७ एप्रिलला पुन्हा पाहिले, कारण चूक झाली असती तर पुढचा हप्ता ६ एप्रिलला गेला असता. दोन्ही वेळा वृत्तपत्राच्या नावाची नोंद नव्हती, तेव्हाच मी पावती, सूचना आणि पुष्टीचे पत्र एका कप्प्यात हलवले.